जुन्या मोटारसायकलचे योग्य मोल

जुनी मोटारसायकल विकावयास काढली की तिच्या चार किमती होतात. एक मालकाच्या मनातली, दुसरी गिऱ्हाइकाच्या मनातली, तिसरी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेकॅनिकने नुसत्या नजरेने सांगितलेली, आणि चौथी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने गाडीभोवती एकच फेरी मारून तोंडावर फेकलेली. एकाच गाडीच्या या चार किमतींत दहा-पंधरा हजारांचे अंतर सहज पडते. आमच्या हुबळीत तर घासाघीस सुरू होण्यापूर्वीच 'लास्ट एष्ट हेळ्री', म्हणजे शेवटचे किती ते सांगा, असा कानडी प्रश्न येतो. आणि ज्याने आधी हिशेब केलेला नसतो तो तेथेच गडबडतो.

असा हिशेब करता येतो का? आमच्या मते येतो. तो सोन्याच्या भावासारखा काटेकोर नसतो हे खरे. परंतु हजार-दीड हजार रुपये इकडे-तिकडे इतक्या अंतराने योग्य किंमत काढता येते. त्यासाठी गाडीचे वय, ती चाललेली किलोमीटरे, तिची स्थिती आणि त्या मॉडेलला असलेली मागणी या चार गोष्टी पाहाव्या लागतात. त्या कोणत्या क्रमाने पाहावयाच्या आणि कोणती कशात मिसळू द्यावयाची नाही, यातच सारे आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून कमरीपेठेतीलच एक गाडी घेऊ. आमच्या परिचयाच्या एका काकूंच्या यजमानांचे २०२५च्या एप्रिलमध्ये निधन झाले. त्यांची हीरो स्प्लेंडर प्लस ही गाडी जून २०१९मध्ये नोंदलेली, पहिल्याच मालकाची, मीटरवर ४१ हजार किलोमीटर दाखविणारी. एप्रिलपासून ती ओट्याखाली झाकून उभी होती. डिसेंबरात काकूंनी ती विकण्याचे मनात आणले तेव्हा एका व्यापाऱ्याने २५ हजार रुपये सांगितले. "काकू, बॅटरी गेली, इंजिन बसले, मालकही राहिले नाहीत, कागदांचा त्रास मीच घेतो," असे त्याचे बोलणे. काकूंच्या थोरल्या दिरांना मात्र वाटत होते की ४५ हजारांच्या खाली देऊ नये, कारण त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतली तशीच गाडी ४३ हजारांना गेली होती. वीस हजारांची ही दरी. ज्या घरातला मिळवता माणूस नुकताच गेला आहे त्या घराला वीस हजार रुपये म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

पहिली गोष्ट ही की, गाडी घेताना किती रुपये मोजले होते ते विसरून जावे. बहुतेक मालक हिशेबाची सुरुवात तेथून करतात आणि तेथेच चुकतात. जुन्या गाडीची किंमत तिच्या जुन्या पावतीला टांगलेली नसते, ती त्याच गाडीच्या आजच्या नव्या किमतीला टांगलेली असते. गिऱ्हाईक मनात एवढेच तोलत असते, की नवी इतक्याला मिळते, मग जुनी किती स्वस्त मिळाली तर घ्यावी? नवी महागली की जुनीचे मोल उभ्या जागी वाढते आणि नवी स्वस्त झाली की ते उभ्या जागी उतरते.

दिरांच्या ४३ हजारांचे कोडे येथेच सुटते. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हिशेबापुरती नव्या स्प्लेंडरची आजची एक्स-शोरूम किंमत ७५ हजार रुपये धरू. या ७५ हजारांतील १८ टक्क्यांचा कर काढला तर मूळ किंमत सुमारे ६३,५०० उरते. तिच्यावर जुना २८ टक्के कर चढविला की ८१ हजारांहून थोडी अधिक होते. म्हणजे नवी गाडी सहा हजारांनी उतरली. त्याच प्रमाणात, जी जुनी गाडी उन्हाळ्यात ४३ हजारांची होती ती सप्टेंबरनंतर ४० हजारांच्या आतबाहेर आली. गाडी एक किलोमीटरही चालली नाही, तरी तीन हजार गेले. शेजारच्या गाडीचा भाव खराच होता. पण तो उन्हाळ्यातला होता. म्हणूनच जुन्या विक्रीचा दाखला देताना ती कोणत्या महिन्यातली, हे आधी विचारावे.

येथे एक सावधगिरी. हिशेब एक्स-शोरूम किमतीवरून करावा, रस्त्यावर येईपर्यंत झालेल्या एकूण खर्चावरून नव्हे. नोंदणी, आयुष्यभराचा रस्ताकर, पहिला विमा यांवर गेलेले पैसे गाडीच्या पत्र्यालोखंडात नसतात. करापैकी थोडेसे मोल पुढच्या मालकाकडे जाते खरे, कारण त्याला तो पुन्हा भरावा लागत नाही. पण तो लाभ बाजारभावात आधीच मुरलेला असतो, वेगळा मागता येत नाही.

आता वय. विमा कंपन्यांचे एक कोष्टक आहे. गाडीचे विम्यासाठीचे मूल्य ठरविताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावे असा संकेत. हे कोष्टक सर्व कंपन्यांच्या सर्व गाड्यांना सारखेच लागू होते आणि हाच त्याचा दोष आहे. बाजार सर्व गाड्यांना सारखे मानीत नाही. विम्याच्या कागदावरील आकडा दाखवून कोणी भाव पाडू लागला, तर हे मूल्य चोरी वा संपूर्ण नाश झाल्यास द्यावयाच्या भरपाईसाठी आहे, बाजारभाव म्हणून नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

बाजार ज्या गोष्टीला मानतो ती मागणी. आणि वयाचा विचार मागणीपासून वेगळा करताच येत नाही. ज्या गाडीला मागणी असते ती पहिल्या वर्षी पंधरा-सोळा टक्के उतरते आणि नंतर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या सात-आठ टक्क्यांनीच खाली येते. मागणी नसलेली गाडी पहिल्याच वर्षी पाव किंवा त्याहून अधिक किंमत गमावते आणि पुढेही वर्षाला चौदा-पंधरा टक्क्यांनी घसरत राहते. हा आमचा ठोकताळा आहे, कोणाचा नियम नव्हे. परंतु त्याचा परिणाम पाहा. ७५ हजारांची मागणीची गाडी साडेसहा वर्षांनी ४० हजारांच्या घरात असते, तर तेवढ्याच किमतीची बिनमागणीची गाडी २३ हजारांच्या आसपास. वय तेच आणि नवी किंमतही तीच.

स्प्लेंडरला मागणी का, हे आमच्या भागात फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९९४पासून ही गाडी बाजारात आहे. तिचे सुमारे ९७ घनसेंटीमीटरचे इंजिन कोणत्याही गल्लीतला मेकॅनिक डोळे मिटून उघडतो. तिचे सुटे भाग हुबळीच्या मोठ्या दुकानांत जसे मिळतात, तसे कुंदगोळ, कलघटगी, नवलगुंद अशा तालुक्यांच्या गावांतही मिळतात. दूधवाला, भाजीवाला, शेतकरी यांना गाडी बंद पडून दोन दिवस उभी राहिलेली चालत नाही. म्हणून ते जुनीच घ्यावयाची असली तरी हीच शोधतात. याउलट एखादी देखणी, वेगवान, पण थोडीच खपलेली गाडी घ्या. तिचा एखादा भाग बंगळूर वा पुण्याहून मागवावा लागतो, आणि गिऱ्हाईक त्या वाट पाहण्याची किंमत आधीच कापून घेते. गाडी चांगली असणे आणि गाडीला मागणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागणी वयावर कशी मात करते याची आठवण जुन्या वाचकांना असेलच. ज्या काळी बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळी वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या सरकारमान्य किमतीपेक्षा अधिक दराने विकली जाई. आजचे तसे उदाहरण यामाहा आरएक्स १०० चे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही दोन-स्ट्रोक गाडी पुन्हा बनणे नाही आणि हौशी तरुण तिच्यासाठी वेडे आहेत. त्यामुळे नीट राखलेली गाडी आज मूळ किमतीच्या कितीतरी पट, लाखाच्याही वर जाते. पूर्वी म्हैसूरला तयार झालेल्या जावा-येझदींचीही तीच गोष्ट. ज्यांच्या घरी अशी गाडी धूळ खात पडली असेल त्यांनी या लेखातील हिशेब तिला लावू नये. तेथे वय उलट्या बाजूने मोजतात.

काकूंच्या गाडीसाठी ठोकताळ्याने ४० हजार आले. परंतु ठोकताळ्यावर विसंबू नये. बाजाराला विचारून तो पडताळून घ्यावा. त्या आठवड्यात शहरात विक्रीस असलेल्या तशाच तीन गाड्यांच्या मागण्या आम्ही पाहिल्या. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. साधारणपणे पाच-सात टक्के खाली व्यवहार होतो. उदाहरणार्थ एका २०१९च्या गाडीला ४६ हजार मागत होते. त्यातून सहा टक्के वजा करता ती ४३ हजारांपर्यंत आली. ती केवळ ३६ हजार किलोमीटर चाललेली होती, म्हणून तिच्या कमी वापराचे मोल उतरवून सरासरी वापराची तशी गाडी ४१ हजारांच्या आत बसली. बाकीच्या दोन गाड्याही अशाच हिशेबाने ४० ते ४२च्या दरम्यान आल्या. ठोकताळा आणि बाजार यांचे जमले. आम्ही सावधपणे ४० हजार धरले.

या ४० हजारांत एक गृहीत आहे, की गाडी तिच्या वयाला शोभेल इतकीच चालली आहे आणि वयाला शोभेल इतकीच झिजली आहे. पुढची सारी बेरीज-वजाबाकी या गृहीतापासून गाडी किती दूर आहे याचीच करावयाची. अनेक जण वयाबद्दल एकदा कापतात, किलोमीटरबद्दल पुन्हा कापतात आणि टायर झिजले म्हणून तिसऱ्यांदा कापतात. हे एकाच झिजेचे पैसे तीनदा घेणे झाले. व्यापारी हे जाणूनबुजून करतो, आपण नकळत करतो.

अशा गाडीला वर्षाला सुमारे ८ हजार किलोमीटर ही मधली चाल मानली, तर साडेसहा वर्षांत ५२ हजार व्हावयास हवेत. काकूंच्या गाडीचे ४१ हजार, म्हणजे ११ हजार कमी. या ११ हजारांचे मोल किती? येथे लोक मनाला येईल तो आकडा बोलतात. पण तोही काढता येतो. वेळेवर ऑइल बदललेल्या स्प्लेंडरच्या इंजिनाचे मोठे काम साधारण ८० हजार किलोमीटरनंतर येते असे धरू. त्याला ८ हजार रुपये आणि त्या काळात झिजणाऱ्या क्लच, बेअरिंगे इत्यादींना आणखी ४ हजार. एकूण १२ हजार रुपये ८० हजार किलोमीटरांत वाटले की किलोमीटरला १५ पैसे पडतात. ११ हजार किलोमीटरांचे झाले १,६५० रुपये. बस, इतकेच. दहा हजार किलोमीटर कमी चालली म्हणून आठ-दहा हजार अधिक मागणाऱ्याला हे गणित दाखवावे.

किलोमीटर किती, यापेक्षा ते कोठले, हेही पाहावे. हुबळी-धारवाड अंतर वीसएक किलोमीटरचे. जो रोज धारवाडला नोकरीस जातो-येतो त्याची गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर सहज चालते. पण ते बहुतेक मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, तापलेल्या इंजिनाने. दुर्गदबैलच्या गर्दीत दिवसभर थांबत-निघत फिरणारी गाडी वर्षाला चार हजारच चालत असेल. परंतु तिचा क्लच आणि ब्रेक त्या चार हजारांत अधिक झिजतात. शिवाय दोन-दोन किलोमीटरच्या खेपांत इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये ओल आणि न जळलेले पेट्रोल साचून राहते आणि सायलेन्सर आतून गंजतो. मीटरवरचा लहान आकडा पाहून भाळणाऱ्याने हे विसरू नये.

आणि तो आकडा खरा तरी आहे काय? या गाडीचे मीटर पुढच्या चाकापासून येणाऱ्या केबलने फिरते. केबल काढली की गाडी चालते आणि आकडा थांबतो. म्हणून मीटरला साक्षीदार हवेत. यजमान गोकुळ रस्त्यावरील एका कारखान्यात नोकरीस होते. जाणे-येणे आणि घरची कामे मिळून रोज वीस किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ७ हजार. पावणेसहा वर्षांचे ४० हजार. आकडा जुळला. दुसरा साक्षीदार टायर. टायरच्या बाजूला चार अंकी खूण असते; '२३१९' याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटर १५ हजार दाखवीत असेल आणि मागचा टायर कंपनीचा नसून नंतरच्या सालाचा असेल, तोही गुळगुळीत, तर शंका घ्यावी. पाय ठेवण्याचे रबर, गिअरचा दांडा, मुठी यांची झीज कोणी सहसा बदलून लपवीत नाही. त्या खरे बोलतात. काकूंकडे तर सर्व्हिसिंगच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवलेल्या निघाल्या. प्रत्येक पावतीवर तारीख आणि किलोमीटर. याहून मोठा पुरावा नाही.

आता स्थिती. स्थितीचे मोल 'चांगली', 'बरी', 'खराब' अशा शब्दांत करू नये. दुरुस्तीच्या खर्चात करावे. गाडी पाहावयास जाताना मालकाला आधी सुरू करू देऊ नये. हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, कारण तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. सुरू होताच सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि येतच राहिला तर ऑइल जळते आहे, म्हणजे पिस्टन-रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचे काम आले. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जाते आहे. ते थोडक्यात सुधारते. डिसेंबरच्या पहाटे दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यावर खाच लागल्यासारखे अडले तर कोनसेट गेला. हँडलच्या मुळाशी चासीवर जो अडथळा असतो तो चेपलेला वा नव्याने रंगविलेला दिसला तर गाडी समोरून आपटलेली आहे असे समजावे. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढत असेल तर ती शंका पक्की होते. चासी वाकलेली गाडी हिशेबातूनच बाद. तिला 'थोडी कमी किंमत' असे काही नसते.

काकूंच्या गाडीचे इंजिन 'बसले' होते का? किक दाबली तर ती खाली जात होती आणि दाब लागत होता. बसलेल्या इंजिनाची किक जागची हलत नाही. आठ महिने उभ्या राहिलेल्या कार्बोरेटरच्या गाडीचे जे होते तेच झाले होते. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर राहिला होता, जेट बुजले होते आणि बॅटरी मेली होती. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, ताजे पेट्रोल घातले आणि आठव्या-नवव्या किकेला गाडी सुरू झाली. धूर नव्हता. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही.

खर्चाची वही मग अशी झाली. बॅटरी १,२०० आणि कार्बोरेटर व टाकी साफ करणे ५००. हे दोन्ही पूर्ण धरले, कारण चालती गाडी असे गृहीत होते आणि ही चालत नव्हती. पुढच्या फोर्कची सीले गळत होती, त्यांचे ७०० पूर्ण. मागचा टायर संपला होता. नवा १,९०० चा. पण सरासरी गाडीचा टायरही अर्धा झिजलेलाच असतो, म्हणून निम्मे, ९५०. चेन आणि दातेरी चकत्यांचा संच १,३०० चा. तेही त्याच न्यायाने निम्मे, ६५०. बेरीज ४ हजार. विमा संपलेला होता. २०१९मध्ये नव्या दुचाकीसोबत तिऱ्हाइतासाठीचा पाच वर्षांचा विमा घ्यावाच लागे, तो २०२४च्या जूनमध्ये संपला आणि पुढचा वार्षिक विमाही आता उरला नव्हता. या आकाराच्या गाडीला एका वर्षाच्या तशा विम्याला करासह सुमारे ८५० रुपये पडतात, तेही वजा. यजमानांनी हौसेने बसविलेले लेगगार्ड आणि सीटकव्हर यांचे काहीही धरले नाही. अशा गोष्टींचे पैसे घेणारा देत नसतो. त्याला त्या फुकट आवडतात एवढेच.

४० हजारांत १,६५० मिळविले, ४ हजार आणि ८५० वजा केले, उरले ३६,८००. म्हणजे साडेपस्तीस ते साडेअडतीस हजारांच्या दरम्यान कोठेही सौदा झाला तरी तो दोघांनाही योग्य. दिरांचे ४५ हजार गेले आणि व्यापाऱ्याचे २५ हजारही गेले.

व्यापाऱ्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे, की तो कधीच ३७ हजार देऊ शकणार नव्हता. त्याला गाडी दुरुस्त करावयाची, महिना-दोन महिने जागा आणि भांडवल अडकवावयाचे, कधी गाडी परत येण्याचा धोका पत्करावयाचा आणि वर पोट भरावयाचे. या सर्वांसाठी त्याने चार-पाच हजार कापले तर ते रास्त. म्हणजे व्यापाऱ्याचा प्रामाणिक भाव ३२-३३ हजारांचा. ज्याला आजच पैसे हवेत आणि दारी गिऱ्हाइके येऊ द्यावयाची नाहीत त्याने तो खुशाल घ्यावा. पण २५ हा भाव नव्हे. बाईमाणूस, ताजे दुःख आणि कागदांची भीती यांच्यावर लावलेली ती बोली होती.

कागदांची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. दिवंगत व्यक्तीच्या नावावरील गाडी वारसाला परस्पर विकता येत नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी, असा नियम आहे. उशीर झाल्यास दंड पडतो, पण काम होते. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, नोंदणीपुस्तक, विमा आणि प्रदूषणाचा दाखला लागतो; म्हणजे विमा आधी काढावा लागतो. काकूंनी तो काढला, गाडी स्वतःच्या नावावर केली आणि मगच विक्रीस लावली. विम्याचे ८५० त्यांनीच भरल्यामुळे ते त्यांच्या मागणीत परत आले. गाडीवर कर्ज असते तर नमुना ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला आणल्याशिवाय पुढे सरकता आले नसते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला की कर्जाची नोंद, विमा आणि थकलेले दंड दिसतात. घेणाऱ्याने हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

आपल्या मंडळींसाठी एक विशेष सूचना. कोल्हापूर-पुण्याकडच्या नातलगांकडून स्वस्तात गाडी आणण्याची आपल्याकडे रीत आहे. "मामाची गाडी आहे, घरचीच," म्हणून भाचा एम.एच. ०९ची पाटी मिरवीत हुबळीत येतो. परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली की नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या कार्यालयाचा नमुना २८मधील ना-हरकत दाखला आणि इकडे कर्नाटकाचा रस्ताकर. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होत जातो, तरी चार-पाच वर्षांच्या गाडीला तो काही हजारांत जातो. मामांनी तिकडे भरलेल्या कराची परतफेड मागता येते, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. म्हणून महाराष्ट्रातली गाडी घेताना इकडचा कर आणि जाण्या-येण्याचा खर्च आधी विचारून तिच्या किमतीतून वजा करावा, आणि मामांनाही तो वजा का केला हे आधीच सांगावे. बेळगावची के.ए. २२ असेल तर राज्य एकच असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

काकूंची गाडी जानेवारीत नवलगुंदकडच्या एका शेतकऱ्याने घेतली. काकूंनी ३९ मागितले होते. त्याने ३३पासून सुरुवात केली. काकूंच्या धाकट्या दिरांनी खर्चाची वही आणि पावत्यांची पिशवी पुढे ठेवली. माणूस अर्धा तास पावत्या उलटीत बसला, टायरवर नख घासून पाहिले, आणि ३६,५०० वर सौदा ठरला. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी हवाली करताना तारीख, वेळ आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून दोघांनी त्या कागदावर सही केली, कारण नोंद बदलेपर्यंत रस्त्यावर काही घडले तर पोलीस जुन्याच पत्त्यावर येतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. ते काकूंनी तिसऱ्याच दिवशी केले, आणि महिन्याभराने संकेतस्थळावर मालकाचे नाव बदललेले पाहिल्यावरच तो कागद कपाटात ठेवला.